गाळलेल्या जागेत लाइक, ॲज की सच ॲज?

स्पर्धा परीक्षेच्या पेपरात हा प्रश्न आला की अर्थ लावत बसू नका. आधी रिकाम्या जागेच्या उजवीकडे काय आहे ते बघा.

उजवीकडे कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतील तर ॲज: 'डू ___ आय से.' बोलताना लोक इथेही सर्रास लाइक म्हणतात, पण पेपरात ते चूक धरतात. नुसतं नाम किंवा सर्वनाम असेल तर साधारणपणे लाइक: 'शी सिंग्ज ___ हर मदर.' पुढे 'डज' जोडलं की लगेच ॲज.

खरी फसगत इथे होते: 'इन कोल्हापूर, ___ इन सांगली, फार्मर्स ग्रो शुगरकेन.' सांगली दिसली, नाम आहे, म्हणून मुलं लाइकवर टिक करून मोकळी होतात. पण जागेला चिकटलाय 'इन', म्हणजे शब्दयोगी अव्यय. म्हणून ॲज. तो 'इन' काढून वाक्य 'लाइक सांगली, कोल्हापूर ग्रोज शुगरकेन' असं केलं तर लाइक बरोबर.

नामाआधीही ॲज येतो, पण तेव्हा तुलना नसते, भूमिका असते. 'ही वर्क्स ॲज अ कोच' म्हणजे तो कोच आहेच. 'ही टॉक्स लाइक अ कोच' म्हणजे बोलतो कोचसारखा, असेलच असं नाही.

सच ॲज तुलनेसाठी नाहीच, उदाहरणांसाठी आहे. डावीकडे गट हवा, उजवीकडे त्यातली नावं: 'रिव्हर्स सच ॲज द पंचगंगा'. गटच नसेल तर तो पर्याय आधी खोडा.