फास्ट चार्जिंग केबलची लिस्टिंग: या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराने टाइप-सी केबल ऑनलाइन विकायला काढली. लिस्टिंगवर '१०० वॅट, १० जीबीपीएस, २ मीटर' लिहिलं, आणि परतीची पार्सलं सुरू झाली. लॅपटॉपवाल्यांची तक्रार एकच होती: चार्जर १०० वॅटचा, तरी चार्जिंग मंद. "भाऊ, डब्यावर छापलंय तेच टाकलं मी," तो म्हणाला.

मी चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये यूएसबी मीटर लावला. २० व्होल्टवर करंट ३ अँपिअरच्या पुढे जाईना, म्हणजे ६० वॅट. कारण साधं आहे. सी-टू-सी केबलमधून ५ अँपिअर सोडण्याआधी चार्जर केबलच्या टोकातली ई-मार्कर चिप वाचतो. चिप नसेल तर तो ३ अँपिअरवरच थांबतो, मग तार कितीही जाड असो. त्या केबलमध्ये चिप नव्हतीच. खरा आकडा ६० होता आणि तोच लिहायला हवा होता. फोनवाल्यांना तेवढा भरपूर होतो.

नवा लॉट आला की मी एक नग मीटरवर लावतो, आणि लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असतानाच. भरलेली बॅटरी मुळात कमी ओढते, त्यामुळे चांगली केबलही नापास दिसते. हे पंधरा मिनिटांचं काम टाळून दुसऱ्याची लिस्टिंग उचलून चिकटवणाऱ्या नवख्यांचा मला मनापासून राग येतो, कारण भुर्दंड गिऱ्हाईक भरतं.

१० जीबीपीएसचा दावाही खोटाच निघाला. बहुतेक चार्जिंग केबलमध्ये डेटासाठी यूएसबी २.० च्याच तारा असतात, वेग ४८० एमबीपीएस. वॅटचा आणि डेटाच्या वेगाचा काही संबंध नाही. २४० वॅटची केबलही ४८० ची असू शकते. वेगवान एसएसडीवरून १० जीबीची फाइल कॉपी करून बघा. पाच मिनिटांच्या आसपास लागली तर ४८० लिहा. शिवाय साध्या, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेल्या केबलला १० जीबीपीएस साधारण १ मीटरपर्यंतच झेपतो. त्यामुळे २ मीटरसोबत तो आकडा दिसला की मला तिथेच शंका येते.

टोकं दोन्ही लिहा. नुसतं 'टाइप-सी केबल' वाचून लोक ए-टू-सी घेतात आणि सी पोर्टच्या चार्जरपुढे हताश होतात. ए-टू-सीवर '१२० वॅट' छापलं असेल तर तो वेग फक्त ठरावीक कंपनीच्या चार्जर-फोनच्या जोडीतच मिळतो. ती जोडी शीर्षकातच सांगा, खाली बारीक अक्षरांत नको.

लांबी स्वतः टेपने मोजा. १ मीटर म्हणून आलेली ९० सेंटिमीटर भरली तर ९० लिहा.