पेमेंट ॲपची ३० सेकंदांची ॲनिमेटेड फिल्म: प्रॉम्प्ट कसे लिहावेत

व्हिडिओ तयार करणाऱ्या एआय टूलला ‘सुरक्षित आणि सोप्या पेमेंट ॲपची ॲनिमेटेड फिल्म बनव’ असं सांगितलं, की काय येतं ते ठरलेलं आहे. निळी ढाल, चमकणारं कुलूप, हवेत उडणारी नाणी आणि फोनकडे बघून विनाकारण हसणारा माणूस. टूलचा यात फारसा दोष नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द ज्या चित्रांखाली आजवर लिहिला गेला, तीच चित्रं ते परत देतं. हजार ॲपच्या जाहिरातींत ढाल आहे, त्यामुळे ती बघून कुणाला सुरक्षित वाटत नाही.

म्हणून पहिली पायरी प्रॉम्प्टची नाहीच, गोष्टीची आहे. सुरक्षितता दिसायची तर काहीतरी चुकण्याची शक्यता आधी दिसली पाहिजे. पैसे पाठवताना माणसाला सगळ्यात जास्त धास्ती कशाची असते? चुकीच्या व्यक्तीला गेले तर काय, याची. ॲपमध्ये पिन टाकण्याआधी समोरच्याचं पूर्ण नाव दिसत असेल, तर तीच तुमची फिल्म. एक बाई मैत्रिणीला पैसे पाठवते आहे. यादीत दोन स्मिता आहेत आणि तिचा अंगठा चुकीच्या स्मितावर पडतो. पूर्ण नाव आणि फोटो समोर येतो, ती थबकते, मागे जाते, बरोबर स्मिता निवडते, पिन टाकते आणि काम होतं. सोपेपणाही इथेच आहे: चूक दुरुस्त करायला एकदाच ‘मागे’ दाबावं लागलं. तुमच्या ॲपमध्ये ही सोय नसेल, तर जी खरोखर आहे ती घ्या. नसलेली सोय दाखवणारी फिल्म नंतर महागात पडते.

आता वेळ वाटून घ्या. बहुतेक टूल एका वेळी काही सेकंदांचीच क्लिप देतात, त्यामुळे शॉट सुटे सुटेच बनवावे लागतात. बाई फोन उचलते, ४ सेकंद. नावांची यादी आणि चुकीची निवड, ६ सेकंद. पूर्ण नाव दिसतं आणि ती थबकते, ७ सेकंद. मागे जाऊन बरोबर नाव आणि पिन, ६ सेकंद. मैत्रिणीच्या फोनवर पैसे मिळाल्याची खूण, ४ सेकंद. शेवटची ३ सेकंद लोगोसाठी, आणि तो एडिटिंगमध्येच लावायचा, टूलकडून काढून घ्यायचा नाही. सगळ्यात मोठा वाटा थबकण्याला दिला आहे हे लक्षात घ्या. घाईत असलेला एडिटर नेमका तोच शॉट कापतो.

यानंतर एक कायमचा परिच्छेद लिहा, जो प्रत्येक प्रॉम्प्टच्या सुरुवातीला अक्षरही न बदलता चिकटवायचा. त्यात शैली, रंग आणि पात्र असतं. उदाहरणार्थ:

«सपाट द्विमितीय ॲनिमेशन, मोठे गोलसर आकार, एकसंध रंग. फिकट क्रीम रंगाची मोकळी पार्श्वभूमी. चौकटीत जास्तीत जास्त तीन वस्तू. साधारण चाळिशीची बाई, खांद्यापर्यंत कुरळे काळे केस, गोल चष्मा, केशरी स्वेटर, गडद निळी पँट. डावीकडून येणारा मऊ उजेड. उभी चौकट, ९:१६.»

टूलला मराठी नीट झेपत नसेल तर हाच मजकूर इंग्रजीत करून टाका, रचना तीच ठेवा. परिच्छेद पुन्हा वाचा: त्यात ‘सोपं’ नाही, ‘विश्वासार्ह’ नाही, ‘पेमेंट’ किंवा ‘बँक’ही नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहिलं आहे. सोपेपणाची जागा ‘जास्तीत जास्त तीन वस्तू’ आणि ‘मोकळी पार्श्वभूमी’ यांनी घेतली. ‘पेमेंट’ लिहिलं की नाणी उडायला लागतात. ‘कुलूप नको’ असं लिहूनही उपयोग होईलच असं नाही. नको असलेल्या वस्तूचं नाव मजकुरात आलं, की ती चित्रात शिरण्याचीच भीती जास्त. नकोच्या गोष्टींसाठी टूलमध्ये वेगळा रकाना असेल तर त्या तिथे लिहा. नसेल तर त्यांचं नावच काढू नका.

मग थेट व्हिडिओकडे धावू नका. आधी पाचही शॉटची स्थिर चित्रं काढा. बाईचं एक चित्र मनासारखं आलं की तेच पुढच्या सगळ्या चित्रांना संदर्भ म्हणून जोडा, नाहीतर तिसऱ्या शॉटमध्ये चष्मा चौकोनी होतो आणि पाचव्यात केस सरळ. स्थिर चित्र दुरुस्त करणं स्वस्त आणि झटपट असतं, व्हिडिओ पुन्हा पुन्हा काढणं दोन्ही अर्थांनी महाग. पाचही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. आवाजाशिवाय, हालचालीशिवाय गोष्ट कळत असेल तरच पुढे जा.

फोनच्या स्क्रीनवर काय आहे, हे टूलला सांगायचंच नाही. ही टूल अजूनही बऱ्याचदा अक्षरं आणि आकडे बिघडवतात, मराठी अक्षरं तर जास्तच. आणि बिघडलेलं नाव, वेडावाकडा आकडा हेच फसव्या ॲपचं लक्षण म्हणून लोक ओळखतात. सुरक्षिततेच्या फिल्ममध्ये ते चालणार नाही. त्यामुळे स्क्रीन कोरी ठेवा आणि खऱ्या ॲपचं स्क्रीन रेकॉर्डिंग नंतर त्यावर बसवा. दुसऱ्या शॉटचा प्रॉम्प्ट असा होईल:

«(कायमचा परिच्छेद) फोन समोरून सरळ, चौकटीच्या मधोमध, पूर्ण दिसणारा. स्क्रीन सपाट, एकसारख्या हिरव्या रंगाची. उजवीकडून फक्त एक अंगठा येतो, स्क्रीनच्या मध्याला एकदा टेकतो आणि बाहेर जातो. कॅमेरा स्थिर. फोन स्थिर.»

‘फक्त एक अंगठा’ यासाठी की पाच बोटं मागितली तर कधी सहा मिळतात. कॅमेरा आणि फोन स्थिर ठेवले, की एडिटिंगमध्ये रेकॉर्डिंगचे चार कोपरे स्क्रीनच्या चार कोपऱ्यांना जुळवले तरी पुरतं. हिरवा रंग काढून टाकल्यावर अंगठा आपोआप वर राहतो. म्हणूनच बाईचा स्वेटर केशरी आहे. हिरव्या स्वेटरची बाही कोपऱ्यात आली, तर तीही हिरव्यासोबत गायब होईल. रेकॉर्डिंगसाठी चाचणीचं खातं वापरा, खऱ्या माणसांची नावं, नंबर आणि शिल्लक त्यात येऊ देऊ नका.

आता तिसरा शॉट, म्हणजे फिल्मचा जीव. अडचण अशी की या टूलना हालचाल आवडते, थांबणं जमत नाही. ‘ती थबकते’ लिहिलं तर ती मान हलवेल, हसेल, फोन खाली ठेवेल, किंवा कॅमेराच पुढे सरकायला लागेल. उपाय म्हणजे थांबण्याचं वर्णन शरीराच्या भाषेत करायचं आणि हालचालीला एक छोटी, निरुपद्रवी जागा द्यायची:

«(कायमचा परिच्छेद) बाईचा चेहरा आणि हातातला फोन, फोनची पाठ आपल्याकडे. तिचा अंगठा स्क्रीनच्या वर हवेत अधांतरी आहे आणि तिथेच राहतो. डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, जणू एक ओळ वाचते आहे. एकदा पापणी लवते. भुवया किंचित वर जातात. बाकी शरीर जागच्या जागी. मागच्या पडद्याची कडा हळू हलते. कॅमेरा स्थिर.»

एका क्लिपमध्ये एवढंच. याच प्रॉम्प्टमध्ये ‘मग ती मागे जाते आणि बरोबर नाव निवडते’ हे जोडलं, तर टूल तिन्ही गोष्टी उरकून टाकेल आणि थबकणं अर्ध्या सेकंदाचं होईल. टूलमध्ये पहिली आणि शेवटची फ्रेम देण्याची सोय असेल तर दोन्हीकडे जवळजवळ तेच चित्र द्या, फरक फक्त भुवयांचा. तरीही ती हललीच, तर क्लिपमधली सगळ्यात चांगली फ्रेम एडिटिंगमध्ये दोन सेकंद गोठवा आणि पडद्याची हालचाल वेगळी लावा. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही. या ७ सेकंदांच्या मधोमध स्क्रीनचा क्लोजअप घाला: पूर्ण नाव, फोटो आणि खाली ‘मागे’ व ‘पुढे’.

पिनच्या शॉटला एकच नियम आहे. कीपॅडवर कुठला आकडा दाबला हे दिसता कामा नये. रेकॉर्डिंगमध्ये फक्त ठिपके भरताना दाखवा, किंवा दुसरा हात फोनवर आडवा धरलेला दाखवा. न बोलता सवय लावणारी ही जागा आहे, ती फुकट घालवू नका. आणि पाचव्या शॉटमध्ये मैत्रीण पिन टाकताना चुकूनही दिसू नये. ‘पैसे मिळवायला पिन टाका’ असं सांगणाऱ्या ठगांच्या पथ्यावरच ते पडेल. तिचा फोन टेबलावर आहे, उजळतो, ती बघते, मान डोलावते. बस.

आवाजासाठी ३० सेकंदांत मराठीत ५० ते ६० शब्दांपर्यंतच थांबा, त्याहून कमी झाले तर उत्तमच. ‘पैसे पाठवायचेत? नाव निवडा.’ मग दोन सेकंद पूर्ण शांतता, संगीतही बंद. ‘पूर्ण नाव वाचलंत? ही ती नव्हे. मागे या, बरोबर नाव निवडा. आता पिन.’ ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे वाक्य लिहू नका, ते कुठल्याच ॲपबद्दल खरं नसतं. अनेक जण फिल्म आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून सबटायटल हवीत. उभ्या व्हिडिओत खालच्या आणि उजव्या कडेला बटणं येतात, ती जागा मोकळी सोडा.

जोडून झाल्यावर ज्याला विषय माहीत नाही अशा कुणाला तरी फिल्म आवाज बंद करून एकदाच दाखवा आणि विचारा, काय झालं? ‘तिने पैसे पाठवले’ असं उत्तर आलं तर थबकण्याचा शॉट हुकला आहे. तो लांबवा, किंवा दोन स्मितांच्या फोटोंत ठळक फरक करा, एकीचे केस पांढरे चालतील. ‘दुसऱ्याच कुणाला जाणार होते, पण तिने बघितलं’ असं उत्तर आलं तर फिल्म तयार आहे. पुढे ॲपचा चेहरामोहरा बदलला तरी पाचही क्लिप तशाच राहतात, फक्त हिरव्या जागेतलं रेकॉर्डिंग बदलायचं. म्हणून क्लिप, कायमचा परिच्छेद आणि संदर्भाचं चित्र एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा, आणि टूल सीड क्रमांक, म्हणजे तसंच चित्र पुन्हा काढायला मदत करणारा आकडा, देत असेल तर तोही प्रत्येक शॉटच्या नावापुढे लिहून ठेवा.