बॅकग्राउंड विकत घेतलं, पण लायसन्स कोणतं?

स्टॉक साइटवरून बॅकग्राउंडचे पैसे भरले म्हणजे ते आपलं झालं असं नाही. मिळतो तो फक्त वापराचा परवाना. समजा, एका ग्राहकाच्या मॉडेलमागे डोंगराचं स्टॉक दृश्य लावून तुम्ही जाहिरातीचा बॅनर केला. स्टँडर्ड लायसन्समध्ये हे सहसा बसतं. पुढे ग्राहक म्हणतो, ‘याचंच कॅलेंडर छापून विकू या.’ इथे गाडी अडते. चित्रामुळेच खपणाऱ्या वस्तूसाठी बहुतेक साइट्सवर एक्स्टेंडेड लायसन्स लागतं. त्यामुळे कोटेशन देण्याआधीच विचारा: चित्र जाहिरातीत जाणार की विक्रीच्या मालावर? फोटोखाली ‘Editorial use only’ दिसलं, तर जाहिरातीसाठी तो घेऊच नका.

लेयर्ससकट PSD देतानाही जपून. त्यातलं बॅकग्राउंड सुटं काढता येत असेल तर बऱ्याच लायसन्सचा भंग होतो. फ्लॅट फाइल द्या, नाहीतर ग्राहकालाच लायसन्स घ्यायला लावा.

AI दृश्याची अडचण उलटी आहे. काही टूल्सच्या फुकट प्लॅनमध्ये व्यावसायिक वापराला मनाई असते, ते आधी तपासा. शिवाय अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसच्या 2025 च्या अहवालानुसार नुसत्या प्रॉम्प्टवर बनलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. मग करारात ‘संपूर्ण हक्क ग्राहकाकडे’ असं लिहून देणं धोक्याचं. तुमचा फोटो आणि AI चा भाग वेगळे नमूद करा. इमेज आयडी, पावती आणि डाउनलोडच्या दिवशीच्या अटींची PDF कामाच्या फोल्डरमध्येच ठेवा, कारण अटी बदलत राहतात.