कार्बन दहा, सिग्नल चार: सममिती उत्तरात कशी मांडावी

डायमिथाइल टेरेफ्थॅलेटचे रेणुसूत्र C10H10O4, पण कार्बन एनएमआरमध्ये सिग्नल चारच: साधारण 166, 134, 130 आणि 52 पीपीएम. उत्तरात फक्त ‘रेणू सममित आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणता कार्बन कोणासारखा आणि का, हे दाखवायला हवे.

त्याची रचना काढून वलयाचे कार्बन 1 ते 6 क्रमांकित करा. दोन्ही एस्टर गट समोरासमोर, 1 आणि 4 वर आहेत. त्यांना जोडणाऱ्या रेषेतून वलयाला लंब जाणारे प्रतल C2 ला C6 वर आणि C3 ला C5 वर नेते; या प्रतलाला आणि वलयाला लंब असलेले दुसरे प्रतल दोन्ही एस्टर बाजूंची अदलाबदल करते. एस्टर गट वेगाने फिरत असल्याने सरासरीत ही सममिती टिकते. म्हणून 166 वर दोन C=O, 134 वर C1 व C4, 130 वर चार CH आणि 52 वर दोन OCH3. बेरीज 2+2+4+2 = 10; ही ओळ उत्तरात जरूर लिहा.

मग समघटक वगळा: ऑर्थोला पाच सिग्नल येतात, मेटाला सहा. शिखरांच्या उंचीवरून कार्बन मोजू नका. नेहमीच्या वर्णपटात हायड्रोजन नसलेले C1, C4 आणि C=O ठेंगणे दिसतात. 77 पीपीएमजवळचे त्रिक CDCl3 चे असते, ते मोजायचे नाही.