सुट्या भागांच्या चित्रातून जोडणीचा क्रम

बहिणीने पुस्तकांच्या कपाटाच्या सुट्या भागांच्या आकृतीचा फोटो पाठवला आणि जोडणीचा क्रम विचारला. तिने फर्निचर कधी जोडलेलं नव्हतं. अशा आकृतीत कुठला भाग कुठे बसतो ते दिसतं, आधी कुठला ते नाही.

फोटो मोठा करून भागाच्या प्रत्येक क्रमांकाची रेघ कुठे टेकते ते पाहिलं. ३ आणि ८ पुसट होते, ते सुट्या भागांच्या यादीवरून ठरवले. यादीत फळीत पिळायचे कॅम बोल्ट बारा होते, पण चित्रात त्यांचे बाण आठच दिसत होते. उरलेले चार उजव्या बाजूच्या फळीचे, कारण तिची आतली बाजू चित्रात झाकली जाते. हा हिशेब जुळल्याशिवाय मी पायऱ्या लिहीत नाही.

मग उलटा विचार केला: कुठला भाग बसला की दुसऱ्याची वाट बंद होते? कपाटाची पातळ पाठ बाजूच्या फळ्यांच्या खाचांतून वरून सरकते, म्हणजे माथ्याची फळी पाठीनंतरच.

तिला पाठवलेला क्रम असा: बाजूच्या दोन्ही फळ्या आणि माथ्याची फळी जमिनीवर आडव्या ठेवून त्यांत बोल्ट पिळ. डावीला तळ आणि मधली फळी जोड, मग उजवी बसव. खाचा आतून, मागच्या कडेला हव्यात. कपाट उभं कर, पाठ सरकव, शेवटी माथा. बोल्टचं डोकं पकडणाऱ्या प्रत्येक गोल कॅमवरचा बाण आधी बोल्टच्या भोकाकडे हवा, मग स्क्रूड्रायव्हरने साधारण अर्धा फेरा. तो घट्ट न होता नुसता फिरत राहिला, तर बोल्टचं डोकं कॅममध्ये नीट अडकलेलं नाही. जोर न लावता फळी काढून बघायची.