जुन्या सहकाऱ्याकडे रेफरल मागताना

‘तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का?’ असं विचारलं की शोधायचं काम समोरच्यावर पडतं आणि मेसेज तसाच राहतो. आधी कंपनीच्या करिअर पेजवरून नेमकी जागा आणि तिचा जॉब आयडी काढा. मात्र तिथे स्वतः अर्ज करू नका. बऱ्याच कंपन्यांत आधीच अर्ज केलेल्या उमेदवाराचं रेफरल धरत नाहीत.

मेसेज साधारण असा:

‘हाय अमित, आपण पेमेंट्स टीममध्ये दोन वर्षं एकत्र होतो. तुमच्याकडच्या बॅकएंड इंजिनिअरच्या जागेसाठी (लिंक आणि जॉब आयडी खाली) मला रेफर करशील का? जावा, स्प्रिंग बूटवर पाच वर्षं काम. रिफंड सर्व्हिस मी नव्याने लिहिली, तू तिचे रिव्ह्यू केले होतेस. रेझ्युमे जोडलाय. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग.’

रिव्ह्यूचं वाक्य मुद्दाम आहे. रेफरल फॉर्ममध्ये ‘उमेदवाराला कसं ओळखता?’ असं बहुधा विचारतात, तिथे अमितला तेच टाकता येतं. रेझ्युमे पीडीएफच द्या, फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘resume_final2.pdf’ त्याच्या डाउनलोड्समध्ये हरवते. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करा.