फोन दुसऱ्याच्या हातात देताना खाजगी फोटो कसे सांभाळायचे: गॅलरीला लॉक लावून भागत नाही, गेस्ट मोड वापरा

मागे एकदा मामेबहिणीला एक फॉर्म भरायचा होता, तिच्या फोनची बॅटरी संपलेली म्हणून मी माझा फोन दिला. माझ्या गॅलरीला अॅप लॉक होतं, त्यामुळे मी एकदम निवांत. तिने ब्राउझर उघडला, फॉर्ममध्ये फोटो अपलोड करायच्या बटणावर टॅप केलं आणि समोर माझे सगळ्यात ताजे फोटो ओळीने उघडले. सगळ्यात वर आईच्या ऑपरेशनच्या टाक्यांचे फोटो, जे मी सकाळीच डॉक्टरांना पाठवायला काढले होते. तिची काहीच चूक नव्हती, ती बिचारी गॅलरीकडे गेलीसुद्धा नव्हती. पण आईला हे कळलं असतं तर तिला किती वाईट वाटलं असतं, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

तेव्हा मला नीट कळलं की अॅप लॉक अॅपला लागतं, फोटोला लागत नाही. फोटो फोनच्या स्टोरेजमध्ये पडलेला असतो आणि गॅलरी हा तिथे जायचा फक्त एक दरवाजा. ब्राउझरचं अपलोड बटण हा दुसरा, फाइल मॅनेजर तिसरा, चॅट अॅपमधली अटॅचमेंटची पिन चौथा, आणि फोनमध्ये दोन गॅलऱ्या असतात (कंपनीची एक आणि गूगल फोटोज वेगळं) हे तर बरेच जण विसरूनच जातात. एकाला लॉक लावलं की दुसरी उघडीच. म्हणून अॅप लॉकवर विसंबून असाल तर आधी हे सगळे दरवाजे स्वतः एकेक करून उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक वेळा एखादा तरी उघडा सापडतोच.

गेस्ट मोड म्हणजे पाहुण्यासाठी फोनमध्येच असलेला वेगळा, कोरा युजर, आणि त्याचं तसं नाही. तिथे स्टोरेजच वेगळं असतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक युजरला स्वतःचा वेगळा कप्पा मिळतो, तुमचे फोटो तुमच्या कप्प्यात राहतात आणि गेस्टमधल्या कुठल्याही अॅपला तो कप्पा दिसतच नाही. तुमची चॅट, मेल, कॉन्टॅक्ट काहीच तिकडे जात नाही. फोनवरची ही सोय २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे, पण काही कंपन्या आपल्या फोनमधून ती काढून टाकतात, त्याबद्दल खाली सांगते.

गेस्ट मोड चालू करायचा कसा

१. सगळ्यात आधी तुमच्या स्वतःच्या स्क्रीनला पिन किंवा पासवर्ड आहे ना ते बघा. हे सोडलं तर पुढचं सगळं फुकट, कारण गेस्टमधून परत तुमच्या प्रोफाइलवर यायला एक टॅप पुरतो, आणि मध्ये पिन नसेल तर समोरचा सरळ तुमच्या फोटोत. घरी असताना फोन आपोआप अनलॉक ठेवणारी सेटिंग चालू असेल तर तीही बंद करा. आणि ज्याला फोन देताय त्याचं बोट कधीकाळी सोयीसाठी फिंगरप्रिंटमध्ये टाकून ठेवलं असेल तर ते काढा, हे घरच्यांच्या बाबतीत फार होतं.

२. सेटिंग्ज उघडा आणि वरच्या सर्चमध्ये `users` टाका. साध्या अँड्रॉइडवर हे `System` मध्ये असतं, फोनप्रमाणे नाव `Users` किंवा `Multiple users` असं दिसेल. तिथलं एकापेक्षा जास्त युजर वापरू देणारं बटण चालू करा.

३. त्याच पानावर गेस्टला फोन कॉल करू द्यायचे का ते विचारणारं बटण असतं. ते बंदच ठेवा. चालू केलं तर तुमची कॉल हिस्ट्रीपण गेस्टला दिसते, कोणाला कधी फोन केला ते सगळं. समोरच्याला फक्त एक कॉलच करायचा असेल तर गेस्ट मोडच्या भानगडीत पडू नका, नंबर स्वतः लावून द्या आणि शेजारी थांबा.

४. अँड्रॉइड १३ पासून पुढे तिथेच `Delete guest activity` असं एक बटण आहे. ते चालू ठेवलं की गेस्टमधून बाहेर पडल्याबरोबर त्याने जे काही केलं ते पुसलं जातं. ह्याच्यात एक गोम आहे, ती पुढे सांगते.

५. आता फोन द्यायची वेळ आली की स्क्रीनच्या वरून दोन बोटांनी खाली ओढा, खालच्या बाजूला युजरचं छोटं गोल चिन्ह दिसतं, त्यावर टॅप करून गेस्ट निवडा. काही सेकंद थांबावं लागतं, पहिल्यांदा जरा जास्तच. मग एकदम कोऱ्या फोनसारखी स्क्रीन येते, तुमचा वॉलपेपर नाही, तुमची अॅप्स नाहीत. आधी कोणी गेस्ट वापरून गेलं असेल आणि त्याचं पुसलं गेलं नसेल तर फोन विचारतो की तेच पुढे चालू ठेवायचं की नव्याने सुरू करायचं, तेव्हा नव्याने हेच निवडा, कारण आधीच्या माणसाचंही काहीतरी खाजगी असतं ना.

वायफाय मात्र पुन्हा जोडावं लागत नाही, ते सगळ्या युजरना एकच असतं. ब्राउझर चालतो, यूट्यूब लॉगिन न करता चालतं. प्ले स्टोअरमधून काही घ्यायचं तर त्याला स्वतःचं अकाउंट टाकावं लागेल.

देण्याआधी एकदा तपासा

पहिल्यांदा सेटिंग केल्यावर स्वतः गेस्टमध्ये जाऊन बघा. फाइल मॅनेजर उघडा, फोटोंचा भाग रिकामा दिसला पाहिजे. ब्राउझरमध्ये कुठल्यातरी साइटवर फोटो अपलोडचं बटण दाबा, तिथेही काही नको. कॅमेऱ्याने एक फोटो काढा, मग फक्त तेवढा एकच दिसला पाहिजे. शेवटी परत तुमच्या प्रोफाइलवर जायचा प्रयत्न करा आणि पिन मागतोय का ते बघा. पिन न मागता उघडलं तर वरची पहिली पायरी नीट झालेली नाही, परत तिथे जा.

आता ती गोम. समोरच्याने गेस्टमध्ये फोटो काढले, पीडीएफ डाउनलोड केली, आणि तुम्ही फोन परत घेऊन बाहेर पडलात की ते सगळं गेलं, परत मिळवायची सोय नाही. माझ्या भाच्याने एकदा प्रोजेक्टसाठी वीसेक फोटो काढले आणि मी न विचारता गेस्ट बंद केला, मग त्याला परत पहिल्यापासून सगळं करावं लागलं. तेव्हापासून मी फोन घेताना आधी विचारते, तुझं जे काही आहे ते स्वतःला पाठवलंस का, आणि हो म्हटल्यावरच बंद करते.

रोज तोच माणूस फोन घेत असेल तर

मुलगा रोज अभ्यासाला घेतो किंवा आईला दुपारी मालिका बघायला लागतो, तर गेस्ट दरवेळी कोरा होतो त्याचा कंटाळा येतो. त्यांना त्याच `Users` पानावरून नवीन युजर बनवून द्या. त्यांची अॅप्स, त्यांचे फोटो, त्यांचं लॉक, सगळं राहतं आणि तुमचं त्यांना दिसत नाही. जागा मात्र दोघांची एकाच स्टोरेजमधून जाते, म्हणजे फोन आधीच भरत आलेला असेल तर हे अजून जड होणार. नवीन युजरला कॉल आणि मेसेजची परवानगी देताना नीट विचार करा, कारण मग तुमचे एसएमएसपण त्याला दिसतात आणि त्यात बँकेचे ओटीपी असतात.

फोनमध्ये हा ऑप्शनच नसेल तर

सर्चमध्ये `users` टाकून काहीच आलं नाही तर तुमच्या कंपनीने तो ठेवलेला नाही. सॅमसंगच्या फोनवर साधारण तो नसतो (त्यांच्या टॅबलेटवर असतो), पण तिथे `Secure Folder` मिळतं. शाओमीच्या बऱ्याच फोनवर `Second space` आहे. अँड्रॉइड १५ मध्ये `Private space` आलंय. ह्या सगळ्यात दिशा उलटी असते, म्हणजे पाहुण्याला वेगळी खोली द्यायच्या ऐवजी तुमचे खाजगी फोटो उचलून वेगळ्या खोलीत ठेवायचे. आणि इथेच लोक फसतात, आत फोटो टाकतात पण बाहेरची मूळ कॉपी तशीच राहते. कॉपी करू नका, हलवा, आणि नंतर गॅलरीतला ट्रॅश पण रिकामा करा, कारण डिलीट केलेला फोटो तिथे बरेच दिवस पडून असतो. ट्रॅश रिकामा करायच्या आधी मात्र फोटो आत नीट पोचला आणि उघडतोय हे बघून घ्या.

गूगल फोटोजमध्ये `Locked` म्हणून फोल्डर आहे, तेही चालेल, त्यात हलवलेला फोटो बाकीच्या अॅप्सना दिसत नाही. फक्त त्या फोल्डरचा बॅकअप चालू नसेल तर ती एकच कॉपी उरते, अॅप काढून टाकलं किंवा फोन रीसेट केला की फोटो कायमचा गेला. लग्नाचे, बाळाचे असे एकमेव फोटो तिथे बॅकअप न घेता ठेवू नका.

आयफोनवाल्यांसाठी

आयफोनला गेस्ट मोड नाही. तिथे जवळचा उपाय म्हणजे `Guided Access`, ज्यात फोन एकाच अॅपमध्ये अडकवून ठेवता येतो. `Settings` मधल्या `Accessibility` मध्ये जाऊन ते चालू करा आणि त्याचा वेगळा पासकोड ठेवा, फोन अनलॉक करायचा जो सगळ्या घराला माहीत आहे तो नको. मग द्यायचं ते अॅप उघडून साइडचं बटण तीनदा पटापट दाबा (होम बटणवाल्या फोनवर होम बटण) आणि सुरू करा. आता समोरचा त्या अॅपच्या बाहेर जाऊ शकत नाही, बंद करायला पुन्हा तीनदा दाबून पासकोड लागतो. पण अॅपच्या आत काय दिसतं हे तुम्हीच बघायचं, चॅट अॅप उघडून दिलंत तर चॅट दिसणारच, म्हणून व्हिडिओ किंवा गेम अशाच गोष्टीसाठी वापरा.

iOS १६ पासून फोटोजमधला `Hidden` अल्बम फेस आयडी किंवा पासकोडशिवाय उघडत नाही. iOS १८ मध्ये अॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की `Require Face ID` येतं, म्हणजे अख्खं फोटोज अॅप लॉक करता येतं. हे दोन्ही करा, पण तिथेसुद्धा ब्राउझरचं अपलोड बटण दाबून काय दिसतं ते एकदा स्वतः बघून घ्या, आणि मगच फोन हातात द्या.